वृद्ध रुग्णात सोडियम १६४: पाण्याची तूट कशी काढायची आणि सोडियम हळूहळू खाली कसं आणायचं

हा लेख वॉर्डात नुकतेच रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी आहे. वृद्ध रुग्णाचा सोडियमचा रिपोर्ट १४५ च्या वर आला, की त्याला हायपरनॅट्रेमिया म्हणायचं हे सगळ्यांना पाठ असतं. अडचण पुढे येते. किती पाणी द्यायचं, कशातून द्यायचं, किती वेगाने, आणि दिलेलं पाणी शरीरात राहतंय की लघवीतून निघून जातंय हे कसं ओळखायचं? सगळे प्रकार इथे घेत नाही. सर्वांत जास्त वेळा समोर येणारा एकच घेतो: अंथरुणाला खिळलेला, तापाने फणफणलेला, पाणी मागू न शकणारा वृद्ध रुग्ण.

आपल्या रुग्ण आजी ७८ वर्षांच्या आहेत, वजन ५० किलो. अर्धांगवायूमुळे दोन वर्षं अंथरुणात. चार दिवस ताप आणि खोकला, दोन दिवसांपासून खाणंपिणं जवळजवळ बंद, कालपासून हाक मारली तरच डोळे उघडतात. सकाळी दहा वाजता दाखल झाल्या तेव्हा ताप १०१.५, नाडी ११२, बीपी ९०/५६, जीभ कोरडी, लघवी थोडी आणि गडद. रिपोर्टमध्ये सोडियम १६४, पोटॅशियम ३.४, साखर १४६, क्रिएटिनिन १.८. या लेखातले सोडियम-पोटॅशियमचे सगळे आकडे मिलीमोल प्रति लिटरमध्ये आहेत. तुमची लॅब मिलीइक्विव्हॅलंट लिहीत असेल, तरी आकडा तोच राहतो.

आधी ठरवा: हे किती दिवसांचं आहे?

सोडियम वाढलं की रक्त घट्ट होतं आणि मेंदूच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. मेंदू आक्रसतो. पण तो गप्प बसत नाही. काही तासांतच पेशी क्षार आत घ्यायला लागतात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत इनोसिटॉल, टॉरिन, ग्लुटामिन यांसारखे सेंद्रिय रेणू साठवून पाणी परत आत खेचतात. त्यामुळे दोन दिवसांपेक्षा जुन्या हायपरनॅट्रेमियात मेंदूचं आकारमान जवळपास पूर्ववत झालेलं असतं, फक्त त्याच्या पेशी आतून जास्त घट्ट असतात. हे रेणू साठायला जसे दिवस लागतात, तसेच बाहेर पडायलाही लागतात. आपण रक्त झटपट पातळ केलं, तर पाणी या घट्ट पेशींत घुसतं आणि मेंदूला सूज येते. सोडियम हळू उतरवायचं ते यासाठी.

म्हणून ४८ तासांच्या आतलं असेल तर वेग वाढवता येतो, त्यापेक्षा जुनं असेल तर नाही. वृद्धांमध्ये नेमकी सुरुवात कधी झाली हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. घरचे ‘कालपासून’ म्हणतात, पण ते सुस्तीबद्दल बोलत असतात, सोडियम त्याआधीच चढायला लागलेलं असतं. वेळ माहीत नसेल तर जुनंच समजा. आजींचं तर चार दिवसांचं आजारपण आहे, त्यामुळे प्रश्नच नाही.

मर्यादा अशी ठेवा: चोवीस तासांत १० ने उतरवायचं, १२ च्या पलीकडे जायचं नाही. तासाला साधारण ०.४ पडतं. ही सावधगिरी मुख्यतः तान्ह्या मुलांच्या अनुभवावर उभी आहे. प्रौढांत वेगाने उतरवल्यामुळे मेंदूला सूज आल्याच्या नोंदी फार कमी आहेत, आणि अतिदक्षता विभागातल्या प्रौढांच्या नोंदींवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तासाला ०.५ पेक्षा जास्त वेगाचा वेगळा तोटा दिसला नाही. तरीही मी नवख्या डॉक्टरांना १० चाच आकडा देतो, कारण वृद्धात तो गाठताना साखर, हृदय आणि किडनी सांभाळणं शक्य होतं. पण तो आकडा खरोखर गाठायचा असतो. ‘हळू’ म्हणजे दिवसाला दोन-तीनने उतरवणं नव्हे. सोडियम आठवडाभर १६० च्या आसपास रेंगाळत ठेवणंही रुग्णाला घातकच असतं.

बीपी आधी, सोडियम नंतर

आजींचं बीपी ९०/५६ आहे. अशा वेळी डेक्स्ट्रोज लावण्याची घाई करू नका. शुद्ध पाणी पेशींमध्येही पसरतं आणि त्याचा फार थोडा भाग रक्तवाहिन्यांत उरतो, त्यामुळे बीपी त्याने सुधारत नाही. इथे नॉर्मल सलाइन लागतं. सोडियम इतकं वाढलेलं असताना सलाइन कसं द्यायचं, ही भीती अनेकांना वाटते. नॉर्मल सलाइनमध्ये सोडियम १५४ असतं, आजींच्या रक्तात १६४. म्हणजे त्यांच्यासाठी ते किंचित पातळच आहे आणि एका लिटरने त्यांचं सोडियम फार तर ०.५ ने खाली येईल.

५०० मिली देऊन पुन्हा तपासलं, छातीत खरखर वाढली नाही हे पाहिलं, मग आणखी ५०० मिली. दुपारी दोनला बीपी ११२/६८, लघवी सुरू झाली, सोडियम १६३. इथे सलाइनचं काम संपलं. ते थांबवायलाच लोक विसरतात. दुसऱ्या दिवशीही नॉर्मल सलाइन १०० च्या वेगाने चालू आणि सोडियम जागच्या जागी, असे चार्ट मी फार वेळा पाहिले आहेत.

तूट किती?

```
तूट (लिटर) = शरीरातलं एकूण पाणी × (सोडियम ÷ १४० − १)
```

यात गडबड होते ती ‘एकूण पाणी’ या पदात. तरुण पुरुषासाठी वजनाच्या ०.६ धरतात. वय वाढतं तसे स्नायू कमी होतात आणि पाणीही कमी होतं, म्हणून वृद्ध पुरुषासाठी ०.५ आणि वृद्ध स्त्रीसाठी ०.४५ धरा. आजींचं एकूण पाणी ५० × ०.४५ म्हणजे २२.५ लिटर. गणित सुरुवातीच्या १६४ वर करू: १६४ भागिले १४० म्हणजे १.१७१, त्यातून १ वजा केले की ०.१७१. तूट ३.९ लिटर. सवयीने ०.६ धरलं असतं, तर उत्तर ५.१ लिटर आलं असतं. एवढ्याशा शरीरात सव्वा लिटर जास्तीचं पाणी म्हणजे मोठी चूक.

ही ३.९ लिटरची तूट आज एका दिवसात भरायची नाही. आज १६४ वरून १५४ वर यायचंय. तेच सूत्र १४० च्या जागी १५४ घालून वापरा: २२.५ × (१६४ ÷ १५४ − १) = साधारण १.५ लिटर. आजच्या दिवसाची तूटभरपाई एवढीच.

उलट बाजूनेही पडताळून पाहा. एक लिटर द्रव दिल्यावर सोडियम किती बदलेल याचं सूत्र असं आहे:

```
बदल = (द्रवातलं सोडियम + पोटॅशियम − रक्तातलं सोडियम) ÷ (एकूण पाणी + १)
```

पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडियम शून्य. म्हणजे −१६४ भागिले २३.५, उत्तर −७. एक लिटरने ७ उतरत असेल तर १० साठी साधारण १.४ लिटर. दोन्ही उत्तरं जुळली, म्हणजे हिशेब बरोबर आहे. या सूत्रात पोटॅशियम मुद्दाम आहे. आजींचं पोटॅशियम कमी आहे म्हणून डेक्स्ट्रोजच्या लिटरमध्ये ४० मिलीमोल पोटॅशियम क्लोराइड घातलं, तर त्या लिटरने ७ ऐवजी ५.३ च उतरेल. पोटॅशियम द्यावं लागलं तर द्यायचंच, फक्त पाण्याचा हिशेब त्यानुसार बदलायचा.

रोजचा खर्चही धरा

दीड लिटर ही जुनी उधारी झाली. आजचा खर्च अजून चालूच आहे. श्वासातून आणि त्वचेतून जाणारं पाणी, ताप आणि जलद श्वास धरून, आजींसाठी मी दिवसाला ८०० मिली धरतो. लघवीतून जाणारं सगळं पाणी मात्र मोजायचं नाही, कारण लघवीत क्षारही असतात. लघवीतलं सोडियम आणि पोटॅशियम यांची बेरीज रक्तातल्या सोडियमच्या जितकी खाली, तितकं शुद्ध पाणी वाया जातंय असं समजा. आजींच्या लघवीत ती बेरीज ६५ आली. म्हणजे प्रत्येक लिटर लघवीमागे साधारण ६०० मिली शुद्ध पाणी जातं. दिवसाला ८०० मिली लघवी धरली तर सुमारे ५०० मिली.

एकूण झालं १.५ अधिक ०.८ अधिक ०.५ म्हणजे २.८ लिटर. तासाला ११५ मिली. तूट काढली आणि खर्च विसरला, तर तासाला ६० च लावलं जातं. मग सोडियम हलत नाही आणि कुणाला कारण सापडत नाही.

एक अपवाद इथेच लक्षात ठेवा. सोडियम वाढलेलं असूनही लघवी भरपूर आणि पाण्यासारखी पातळ होत असेल, तर डायबेटिस इन्सिपिडसचा विचार करा. लिथियमच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा, कॅल्शियम तपासा आणि वरिष्ठांना लगेच कळवा. तिथे खर्च इतका मोठा असतो, की वरचे आकडे कामाला येत नाहीत.

पाणी कुठून द्यायचं?

सर्वांत चांगला मार्ग पोटातूनच. रायल्स ट्यूबमधून साधं पाणी दिलं तर साखर चढत नाही आणि रक्तवाहिन्यांवर एकदम भारही येत नाही. मात्र ट्यूब जागेवर असल्याची एक्स-रेवर खात्री झाल्याशिवाय एक घोटही द्यायचा नाही, आणि डोकं ३० ते ४५ अंश वर हवं. ट्यूब नसेल, उलट्या होत असतील किंवा आतडी मंद असतील, तर पाच टक्के डेक्स्ट्रोज. हाफ नॉर्मल सलाइनमध्ये सोडियम ७७ असतं, त्यामुळे आजींमध्ये त्याच्या एका लिटरने ३.७ च उतरेल, आणि तेवढंच सोडियम उतरवायला जवळपास दुप्पट द्रव द्यावा लागेल. नसेतून शुद्ध डिस्टिल्ड वॉटर कधीही देऊ नका, त्याने तांबड्या पेशी फुटतात.

रात्री दहाचा रिपोर्ट

आजींना दुपारी दोनपासून डेक्स्ट्रोज तासाला ११५ ने सुरू केलं, कारण ट्यूब टाकून तिचा एक्स-रे होईपर्यंत रात्र होणार होती. आठ तासांनी, रात्री दहाला, सोडियम १६० आलं. १६३ वरून १६०, आठ तासांत ३. योजनेप्रमाणेच चाललंय असं वाटतं, आणि चार्टवर ‘तेच चालू ठेवा’ लिहून झोपायला जाता येईल असंही वाटतं.

पण त्याच रिपोर्टमध्ये साखर ३१० आहे आणि गेल्या आठ तासांत लघवी तासाला १८० मिलीने झालीय. साखर चढली की ती पेशींतलं पाणी रक्तात ओढते आणि सोडियमचा आकडा खोटा खाली दिसतो. शंभराच्या वर साखर दर शंभराने वाढली, की सोडियममध्ये १.६ मिळवायचे. ३१० म्हणजे शंभराच्या वर २१०, म्हणजे ३.४. खरं सोडियम १६३.४. आजींना आठ तासांत जवळजवळ काहीच पाणी मिळालेलं नाही. जे दिलं ते साखरेने लघवीतून वाहून नेलं. डेक्स्ट्रोजवर असलेल्या वृद्धात सोडियम आणि साखर एकत्र वाचली नाही, तर हे कळतच नाही. मधुमेह नसलेल्यांतही संसर्गाच्या ताणाने साखर चढते, म्हणून ग्लुकोमीटरने दर चार तासांनी तपासणं हा पाणी देण्याचाच भाग समजा.

आणखी एक सापळा असतो. ज्या हाताला डेक्स्ट्रोज चालू आहे त्याच हातातून रक्त घेतलं, तर सोडियम खोटं कमी आणि साखर खोटी जास्त येते. म्हणून दुसऱ्या हाताचा नमुना पाठवला. त्यातही साखर ३०० च्या वरच होती आणि लघवीचं प्रमाणही तेच सांगत होतं. मग बदल केले: इन्सुलिन सुरू, डेक्स्ट्रोज तासाला ४० वर, आणि ट्यूब जागेवर असल्याने दर तीन तासांनी २५० मिली साधं पाणी. दिवसाला मिळून साधारण ३ लिटर.

साखर उतरायला लागली की सोडियमचा आकडा थोडा वर जातो. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका. लपलेलं सोडियम उघडं पडतंय, एवढाच त्याचा अर्थ.

सकाळी दहाला साखर १६८, सोडियम १५९. चोवीस तासांत १० ऐवजी ५ उतरलं. राहिलेले ५ आज भरून काढायचे म्हणून आजचं लक्ष्य १५ करायचं नाही. आजचं लक्ष्य पुन्हा १०, म्हणजे १४९.

दुसऱ्या दिवशीचा धोका उलटा असतो

दुसऱ्या दिवशी तूट नव्याने काढली: २२.५ × (१५९ ÷ १४९ − १), साधारण १.५ लिटर. खर्च कालइतकाच धरला आणि ३ लिटरचा वेग तसाच ठेवला. पण दुपारी ताप उतरला, साखर आटोक्यात आली आणि लघवी तासाला ३५ मिलीवर आली. खर्च बराच खाली गेला आणि पाणी तेवढंच चालू राहिलं. संध्याकाळी सहाला सोडियम १५४, आठ तासांत ५. याच वेगाने सकाळपर्यंत १५ उतरलं असतं. रुग्ण सुधारतोय हे पाहून सगळे निर्धास्त असतात, आणि सोडियम जास्त वेगाने घसरण्याची वेळ नेमकी तीच असते.

आता चोवीस तासांपैकी १६ तास आणि ५ मिलीमोल उरले. १५४ वरून १४९ साठी ०.७५ लिटर, अधिक सोळा तासांचा नवा खर्च अर्धा लिटर. मिळून सव्वा लिटर, तासाला साधारण ८० मिली. ट्यूबमधून दर तीन तासांनी २५० मिली म्हणजे नेमकं तेवढंच होतं. त्यामुळे डेक्स्ट्रोज पूर्ण बंद केलं आणि ट्यूबचं पाणी तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सोडियम १५० आलं.

यातून चार्टवर लिहायची सवय अशी: ताप, लघवीचा वेग किंवा साखर, यांपैकी काहीही ठळकपणे बदललं, की ठरलेल्या वेळेची वाट न पाहता सोडियम पाठवायचं आणि हिशेब पुन्हा मांडायचा. एरवी पहिल्या दिवशी दर चार ते सहा तासांनी, आणि उतार स्थिर झाला की आठ-बारा तासांनी. सूत्रं शरीराला बंद डबा समजतात. तो उघडा असतो, म्हणून सूत्र फक्त सुरुवातीचा वेग देतं आणि पुढचा निर्णय रिपोर्टवर घ्यायचा असतो.

मेंदू त्रासात आहे हे कसं ओळखायचं?

सोडियम १६४ असतानाही रुग्ण सुस्त होता आणि उतरत असतानाही सुस्त आहे, मग फरक कसा कळणार? दिशा पाहा. आधी थोडा जागा होऊन डोळे उघडायला, बोलायला लागलेला रुग्ण सोडियम उतरत असताना पुन्हा गुंगीत जाऊ लागला, नव्याने उलट्या झाल्या, डोकं दुखतं म्हणाला किंवा झटका आला, तर मेंदूला सूज आल्याची शंका घ्या. म्हणूनच दाखल करतानाच ग्लासगो कोमा स्केलचा आकडा लिहून ठेवायचा आणि प्रत्येक सोडियमच्या शेजारी नवा लिहायचा.

असं झालं तर सगळी पातळ ड्रिप आणि ट्यूबचं पाणी त्याच क्षणी बंद करा, श्वसनमार्ग सांभाळा, झटका असेल तर त्यावर उपचार सुरू करा, सोडियम आणि साखर लगेच पाठवा आणि वरिष्ठांना बोलवा. साखर कमी झाली नाही ना हे सर्वांत आधी पाहा, कारण आपण इन्सुलिन सुरू केलंय. सोडियम खरंच वेगाने घसरलं असेल, तर तीन टक्के सलाइनचा छोटा डोस देऊन ते थोडं वर नेता येतं, पण तो निर्णय अतिदक्षता विभागाच्या देखरेखीत. सीटी स्कॅनही हवा, कारण सोडियम चढत असताना आक्रसलेल्या मेंदूभोवतीच्या शिरा ताणून फुटू शकतात, आणि रक्तस्रावाची लक्षणं अशीच दिसतात.

उलट, सोडियम १४५ च्या जवळ आलं तरी रुग्ण पूर्वीसारखा बोलत नाही, म्हणून गोंधळू नका. वृद्धांमध्ये शुद्ध यायला रिपोर्टनंतर आणखी काही दिवस लागू शकतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

१४५ नंतर

१४५ ला थांबा, १४० गाठण्याचा हट्ट नको. तिसऱ्या दिवशी आजींना १५० वरून १४५ साठी ०.८ लिटर आणि दिवसाचा खर्च ०.८ लिटर, म्हणजे दर तीन तासांनी २०० मिली पाणी. ट्यूबमधून आहार सुरू झाला की त्यातलं पाणी या हिशेबातून वजा करायचं. मात्र जास्त प्रथिनांचा आहार असेल तर युरिया वाढून लघवीतून पाणी जातं, मग सोडियम पुन्हा चढतं आणि पाणी वाढवावं लागतं.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ‘भरपूर पाणी द्या’ असं लिहू नका. ज्याला तहानेची जाणीवच कमी झालीय आणि जो ग्लास उचलू शकत नाही, त्याच्या घरच्यांना त्या वाक्यातून काहीच कळत नाही. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दर तीन तासांनी २०० मिली, ताप आला तर दिवसाला ५०० मिली जास्त, लघवी गडद दिसली किंवा सुस्ती वाढली तर त्याच दिवशी सोडियम, असं वेळ आणि माप घालून लिहा. लघवी वाढवणाऱ्या आणि जुलाब करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची गरज पुन्हा तपासा, आणि पुढची सोडियमची तपासणी आठवड्याच्या आत, तारखेसकट लिहून द्या.